ओसीआर केलेल्या संस्कृत पोथीतल्या चुका: वृत्त आणि व्याकरण लावून किती पकडता येतात?

जुनापाना
आमच्या घरी एका तीर्थमाहात्म्याची जुनी छापील प्रत आहे. सगळे अनुष्टुभ श्लोक, टीका नाही. पाने स्कॅन करून टेसरॅक्टमधून (`-l san`) काढली. मजकूर बऱ्यापैकी आला, पण पानागणिक चुका आहेत आणि डोळ्यांनी वाचताना त्या सुटतात. दोन ओळी चुका शोधत वाचतो, तिसऱ्या ओळीला नकळत अर्थासाठी वाचायला लागतो आणि चुकलेला शब्द मनातल्या मनात बरोबर करून पुढे जातो.

म्हणून असं मनात आलं की श्लोकाला वृत्त आहे, तर यंत्राकडून प्रत्येक चरणाचे लघु-गुरू मोजून घ्यावेत आणि जिथे वृत्त मोडेल तेवढंच स्कॅनशी ताडावं. हे कोणी करून पाहिलं आहे का? किती चुका हाती लागतात आणि कुठल्या निसटतात?

संगणकू
मी केलंय. वृत्त हे गणित आहे, त्यामुळे त्यातून काहीच सुटत नाही. आठ अक्षरं, पाचवं लघु, सहावं गुरू, सातवं विषम चरणात गुरू आणि सम चरणात लघु. हे बसलं नाही की चूक. मी पुढे जाऊन ऱ्हस्व-दीर्घ बदलून वृत्त बसेल तो पर्याय आपोआप घालायचो. दिवसभरात काम संपायचं.

अनुष्टुभी
संगणकू, नियम बरोबर सांगितलात, पण "काहीच सुटत नाही" हे पटत नाही. तुमच्याच नियमात आठांपैकी तीनच अक्षरं बांधलेली आहेत. पहिल्या चार आणि आठव्या अक्षरात ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तर हा नियम गप्प बसतो.

जुनापाना, आधी गीतेवर करून पाहा असं सुचवते. तिचा शुद्ध पाठ हाताशी असतो, त्यामुळे चाळणी काय पकडते आणि काय सोडते हे नेमकं कळतं. मी सुरुवात तशीच केली. दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक घ्या. तिसरा चरण आहे "मा कर्मफलहेतुर्भूः", आणि पुढच्या "मा"शी संधी होऊन छापतात "हेतुर्भूर्मा". माझ्या ओसीआरने पहिला रफार गाळला:

मा कर्मफलहेतुभूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि

हे व्याकरणाला विचारलं तर ते हरकत घेत नाही. "कर्मफलहेतुभूः" हा समास म्हणून सहज खपतो, शब्दकोशाला "हेतु"ही माहीत आणि "भू"ही. वृत्त मात्र लगेच अडतं. मूळ चरणात "तु"च्या पुढे "र्भू" हे जोडाक्षर आहे म्हणून "तु" गुरू. रफार गेला की "तु" लघु, म्हणजे विषम चरणातलं सातवं अक्षर लघु. चूक सापडली.

मी वापरते तो तुकडा देते. मुद्दाम साधा ठेवला आहे:

```python
import re
AK = re.compile(r'(?:[क-ह]्)*[क-ह](?!्)[ा-ौ]?[ंः]?|[अ-औॠ][ंः]?')

def vajan(s):
    s = re.sub(r'[^ऀ-ॣ]|ऽ', '', s)
    a = AK.findall(s)
    w = ''
    for i, x in enumerate(a):
        n = a[i+1] if i+1 < len(a) else ''
        g = re.search('[आईऊॠएऐओऔाीूॄेैोौंः]', x) or n[1:2] == '्'
        w += 'ग' if g else 'ल'
    return w
```

याला चरण देऊ नका, अर्धा श्लोक द्या. "भूर्मा"सारख्या ठिकाणी चरणाची सीमा जोडाक्षराच्या पोटात असते, शब्दांवरून तोडता येत नाही. सोळा अक्षरं आली की आठावर कापायचं. वरच्या ओळीचं शुद्ध रूप `गगलललगगग गगगगलगलल` असं येतं आणि चुकलेलं `गगलललगलग गगगगलगलल`. (मधली मोकळी जागा मी कापून दाखवली आहे.)

रेफ
माझ्या नावाचा रेफच गळतो हे पाहून वाईट वाटलं. पण खरंच, जुन्या छपाईत रफार शिरोरेषेच्या वर इतका बारीक असतो की स्कॅन काळा-पांढरा करताना तोच पहिल्यांदा जातो. करड्या छटांमध्ये स्कॅन केलेल्या पानांवर मला रफार जास्त टिकलेले दिसले.

देवळीतला_दिवा
विषय छान आहे. आमच्या आजोबांच्या पोथीत आणि बाजारातल्या प्रतीत बरेच शब्द वेगळे आहेत. आजोबांचाच पाठ जुना असणार. या वृत्ताच्या पद्धतीने मूळ शब्द कोणता ते ठरवता येईल का?

अनुष्टुभी
दिवा, तो पाठभेदाचा प्रश्न झाला आणि तो इथे मिसळला तर मोठा घोळ होईल. जुनापानांना फक्त एवढंच हवं आहे की या कागदावर जे छापलं आहे तेच फाइलमध्ये उतरावं. कागदावरचं मूळ आहे की नाही, हा वेगळा अभ्यास. तुमच्या दोन्ही प्रतींतले शब्द वृत्तात बसत असतील तर वृत्त काहीच सांगू शकत नाही. एखादा बसत नसेल तरी तेवढ्यावरून तो नंतरचा ठरत नाही.

संगणकू
मग माझी आपोआप दुरुस्ती चूक का? वृत्त मोडलेलं असेल तर काहीतरी बिघडलंय हे नक्की ना?

अनुष्टुभी
तेच नक्की नाही. पुन्हा गीताच घ्या. ११व्या अध्यायाची सुरुवात "मदनुग्रहाय परमं". मोजा: म-द-नु-ग्र-हा-य-प-र-मं. नऊ अक्षरं. ओसीआरने काही वाढवलेलं नाही, पाठच तसा आहे. तुमच्या पद्धतीने हा चरण चूक ठरला असता.

दुसरं, विपुला. २रा अध्याय, २रा श्लोक: "कुतस्त्वा कश्मलमिदं". इथे "श्म-ल-मि" हे पाचवं, सहावं, सातवं तिन्ही लघु. पाठ केलेल्या नियमाप्रमाणे सहावं गुरू हवं, पण विषम चरणात हा प्रकार कवींनी राजरोस वापरला आहे. त्याला न-विपुला म्हणतात. भ, र आणि म गणांच्याही विपुला आहेत. यंत्राला त्या शिकवल्या नाहीत तर तपासायच्या यादीत धडधाकट चरणांची गर्दी होते आणि चार पानांनंतर माणूस यादीकडे बघायचं सोडतो. उलट सम चरणात पाच-सहा-सात हे ल-ग-ल जवळजवळ अढळ असतं. म्हणून मी यादीचे दोन भाग करते. सम चरण मोडला की आधी तो पाहायचा, कारण तिथे बहुतेक वेळा खरीच चूक निघते. विषम चरण मोडला तर आधी विपुला आहे का ते पाहायचं.

थोडक्यात, वृत्ताने जागा दाखवावी. अक्षर कोणतं हे स्कॅनवरूनच ठरवायचं.

संगणकू
मदनुग्रहाय माहीत नव्हतं. माझ्या जुन्या फाइली पुन्हा काढाव्या लागणार. बदलांची नोंद ठेवली नव्हती, हा त्रास आता कळतोय.

टंकक
मी वर्षानुवर्षं मुद्रितशोधन केलं आहे, आता स्कॅनचं करतो. एक गोष्ट वृत्ताच्या आधी करायची असते, ती कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो.

एकदा चरण मोडल्याचं यंत्र सांगत होतं, आणि स्कॅन व मजकूर शेजारी ठेवून मला दोन्ही अगदी एकसारखे दिसत होते. अर्धा तास गेला. शेवटी अक्षराचे संकेतांक उघडले. "आ" हे एक अक्षर (U+0906) नव्हतं, "अ" आणि काना (U+0905 U+093E) असे दोन तुकडे होते. पडद्यावर हुबेहूब "आ". अनुष्टुभींच्या कोडलाही तो "अ" लघुच दिसेल. "ओ"चंही असंच होतं. विसर्गाच्या जागी साधा अपूर्णविराम येतो, तोही डोळ्याला विसर्गच वाटतो. दंडाच्या जागी रोमन I किंवा उभी रेघ. हे आधी एकसारखं करून घ्या, मग वृत्त लावा. मूळ श्लोकात अपूर्णविराम असायचं कारण नाही, तिथे सरसकट विसर्ग करता येतो. टीका किंवा प्रस्तावना असेल तर मात्र सरसकट बदलू नका, तिथे तो खरा असू शकतो.

अवग्रहाचंही सांगतो. "सङ्गोऽस्त्व" मधला ऽ नुसता गळला तर वजन बदलत नाही, वृत्ताला पत्ता लागत नाही. पण तोच "ड" म्हणून वाचला गेला की चरणात नऊ अक्षरं होतात आणि लगेच सापडतो.

जुनापाना
सगळ्यांचे आभार. गीतेच्या दोन अध्यायांवर चालवून पाहिलं. रफार, काना, गळलेली अक्षरं चांगली सापडली. पण शुद्ध पाठाशी ताडल्यावर दिसलं की वृत्तातून सुटलेल्या चुकांत घ-ध आणि भ-म यांचा ढीग आहे. "धनञ्जय"चा "घनञ्जय" झाला होता आणि कुठल्याच चाळणीने हूं की चूं केलं नाही. व्याकरण तपासणारं साधनही शांत! हे कसं?

अनुष्टुभी
कारण संस्कृत व्याकरणाला त्यात सुसंगत अर्थ सापडला. घनं जय. "ढगाला जिंक." द्वितीया बरोबर, आज्ञार्थही बरोबर. :)

वृत्त आंधळं आहे ते इथे. घ आणि ध दोघांचं वजन सारखं. भ-म, ब-व, प-य-ष सगळी तशीच. एका व्यंजनाच्या जागी दुसरं आलं तर लघु-गुरू हलत नाहीत. अशा ठिकाणी शब्दकोश लागतो, तोही अर्ध्याच वेळा उपयोगी. "भूत्वा"चं "मूत्वा" झालं तर कोशात नाही म्हणून सापडेल. पण "धर्म"चं "घर्म" झालं तर घर्म म्हणजे उष्णता, शब्द अस्सल आहे.

रेफ
आणि ही चूक बहुतेक एकाच दिशेने होते. ध आणि भ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, घ आणि म यांची अखंड. शाई पसरली की फट बुजते, म्हणून ध चा घ आणि भ चा म होतो. शिरोरेषा झिजलेल्या फिक्या पानांवर उलटं होतं. तुमची प्रत शाई पसरलेली असेल तर फाइलमधला प्रत्येक "घ" संशयित धरा. संस्कृतात घ असलेले शब्द ध असलेल्यांपेक्षा कमीच असतात, त्यामुळे यादी आवाक्यात राहते.

टंकक
रेफ यांच्याशी सहमत. मी तर सगळ्या पुस्तकातले शब्द वर्णानुक्रमे लावतो. "धनञ्जय" अनेकदा आणि "घनञ्जय" एकदाच दिसला की काय झालं ते सांगावं लागत नाही.

ओवीकार
माझा अनुभव जरा वेगळा, कारण माझं काम मराठी ओव्यांचं. तिथे लघु-गुरू नाहीत आणि ज्ञानेश्वरीच्या ओवीत अक्षरसंख्याही बांधलेली नाही. मी यमकाचा आधार घेतो. पहिल्या तीन चरणांचं यमक जुळायला हवं. "ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥" यात ओसीआरने दुसऱ्या चरणात "प्रतिपाघा" काढलं होतं. द्य हे जोडाक्षर त्याला घ वाटतं. द्या-घा-द्या असं आल्याबरोबर ओवी वर काढता आली. अर्थात चूक यमकाच्या अक्षरात असेल तरच. चरणाच्या मधल्या चुकांना हे लागू नाही, तिथे मी अजून डोळ्यांवरच आहे.

आधुनिक मराठीची शुद्धलेखन तपासणी मात्र मी बंद केली. "तें", "तैसें", "केलें" यांवरचे अनुस्वार तिला चुका वाटतात. ते तर त्या भाषेचं व्याकरण आहे, नपुंसकलिंगाची खूण तिथेच आहे.

मात्रावृत्ती
ओवीकार, मनाचे श्लोक करून पाहा, तिथे मराठीतही वृत्त जोरात चालतं. भुजंगप्रयात, ल-ग-ग चार वेळा, बाराच्या बारा अक्षरं बांधलेली. "मुळारंभ आरंभ तो निर्गुणाचा" यातला रफार गळून "निगुणाचा" झालं की नववं अक्षर लघु होतं आणि लगेच सापडतं. अनुष्टुभासारखी मोकळी जागाच नाही. फक्त वर दिलेला तुकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका. संस्कृतात जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतंच. मराठीत "तुझ्या" मधल्या "तु"वर आघात येत नाही, तो लघुच राहतो. आणि वृत्तासाठी कवीने केलेले ऱ्हस्व-दीर्घ शुद्धलेखनाच्या नियमांनी "सुधारू" नका.

देवळीतला_दिवा
मग वेदमंत्रांचं काय? गायत्री मंत्राचा पहिला पाद मोजला तर सातच अक्षरं येतात. छापताना एक गळलं का?

अनुष्टुभी
नाही, छाप बरोबर आहे. "वरेण्यं" हे छंदासाठी "वरेणियं" असं धरतात, मग आठ होतात. वैदिक छंदात अशी जोडाक्षरं सोडवून मोजावं लागतं, म्हणून तिथे नुसत्या अक्षरसंख्येवर चूक ठरवू नये. शिवाय स्वरचिन्हं. अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली असते, तिचा उकार झालेला मी पाहिला आहे. वैदिक मजकुराचा अनुभव मला थोडाच आहे, कोणी नियमित करत असेल तर लिहावं.

टंकक
व्याकरणाच्या बाजूने कोणी फारसं बोललं नाही. माझ्या मते जिथे वृत्त मोकळं सोडतं तिथेच व्याकरण कामाला येतं. माहात्म्यांत "नरः पापात्प्रमुच्यते" असे चरण पदोपदी असतात. माझ्याकडे एकदा "नराः पापात्प्रमुच्यते" आलं. "र" दुसरं अक्षर, गुरू तर विसर्गामुळे आधीच होतं, वृत्ताला काही फरक नाही. पण कर्ता अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. स्कॅनमध्ये पाहिलं तर अक्षरामागे कागदावरची उभी चीर होती, यंत्राने तिचा काना केला होता.

तसंच चरणाच्या शेवटचं आठवं अक्षर. "युयुत्सवः" चा विसर्ग गळून "युयुत्सव" झालं तर वृत्ताला चालतं, पण विभक्ती लागत नाही. दीर्घ अक्षरावरचे विसर्ग-अनुस्वार गळले तरी वजन तेच राहतं. त्यांच्यासाठीही व्याकरणच.

संगणकू
एक प्रश्न. छापणाऱ्यानेच चूक केली असेल तर? म्हणजे स्कॅनमध्येही "नराः" स्पष्ट छापलेलं असेल तर?

टंकक
मी छापलेलं तसंच ठेवतो आणि तळटीपेत लिहितो.

मात्रावृत्ती
मला ते पटत नाही. पाठ करणारा माणूस तळटीप वाचत नाही, तो "नराः"च म्हणेल. उघड खिळाचूक असेल तर मजकुरात शुद्ध ठेवावं आणि मूळ छापलेलं तळटीपेत द्यावं.

टंकक
उघड कोणाला वाटतंय यावर ते ठरतं. तुम्हाला मदनुग्रहायही उघड चूक वाटली असती तर?

मात्रावृत्ती
तो मुद्दा आहे. तरी पारायणाची प्रत आणि अभ्यासाची प्रत वेगळी असावी असं मला वाटतं.

जुनापाना
दोन आठवड्यांनी परत येतोय. सगळं माहात्म्य झालं. क्रम असा ठेवला: आधी संकेतांक एकसारखे केले, मग अर्ध्या श्लोकांची अक्षरं मोजली, मग सम चरण, मग विपुला वगळून विषम चरण. त्यानंतर शब्दांची वर्णानुक्रमे यादी करून एकेक घ आणि म पाहिला. शेवटी वचन-विभक्तीसाठी हाताने वाचन. प्रत्येक बदल वेगळ्या फाइलीत नोंदवला, पान आणि ओळीसकट. "विघानेन" नऊ वेळा होतं, सगळीकडे "विधानेन".

एक जागा मात्र अडली आहे. ओसीआरने चरण दिला "रात्रं वसेत्तत्र". सहा अक्षरं, म्हणून वर आला. स्कॅन पाहिला तर सुरुवातीला कसरीने खाल्लेलं भोक आहे. म्हणजे दोन अक्षरं गेली. "त्रिरात्रं" किंवा "षड्रात्रं" असेल तर सातच होतात, ते बाद. पण "दशरात्रं", "पञ्चरात्रं", "सप्तरात्रं", "नवरात्रं", सगळी बसतात. व्याकरणालाही सगळी चालतात.

अनुष्टुभी
"एकरात्रं"ही बसतं. भोकाच्या कडेला शिरोरेषेचा काही अंश उरला आहे का? "पञ्च" आणि "सप्त" या जोडाक्षरांचा खालचा भाग ओळीच्या खाली उतरतो का, तेही पाहा.

जुनापाना
वरचं सगळं गेलंय. खाली एक बारीक टोक दिसतं, पण ते अक्षराचं की कसरीच्या दातांचं, सांगता येत नाही. सध्या फाइलमध्ये दोन अक्षरांची जागा रिकामी ठेवून "मूळ प्रत फाटलेली" अशी नोंद केली आहे.

देवळीतला_दिवा
कोणत्या तीर्थाचं माहात्म्य आहे ते व्यनिने कळवाल का? आजोबांच्या कपाटात माहात्म्यांचा एक गठ्ठा आहे. तेच निघालं तर त्या पानाचा फोटो पाठवतो.